पाव टाकी तेल आणि √(a² − x²) चं संकलन

अमेरिकेच्या ईशान्य भागात अजूनही बरीच घरं तेल जाळून गरम ठेवतात. आमचंही त्यातलंच. तळघरात एक आडवी, दंडगोलाकार टाकी आहे, पिंप आडवं पाडून ठेवावं तशी. व्यास १२० सेंमी, लांबी २ मीटर. वरच्या झाकणातून लाकडी काठी आत सोडायची, बाहेर काढायची आणि ती कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. पहिल्या वर्षी मी त्या काठीवर मोठ्या हौसेने खुणा केल्या: ३० सेंमीवर पाव, ६० वर अर्धी, ९० वर पाऊण. जानेवारीच्या मध्यावर काठी पावच्या खुणेपर्यंत ओली झाली. पूर्ण टाकीत साधारण २२६२ लिटर मावतात, म्हणजे पाव झालं ५६५. थंडीत आम्हाला दिवसाला १५ लिटर तेल लागतं, तेव्हा सदतीस दिवसांची निश्चिंती. तेल एकोणतिसाव्या दिवशी संपलं.

टाकी गळत नव्हती. चूक खुणेत होती. आडव्या टाकीत तळाशी तेलाचा पृष्ठभाग अरुंद असतो आणि मध्यावर सगळ्यात रुंद, त्यामुळे खालच्या ३० सेंमीत मधल्या ३० सेंमीपेक्षा बरंच कमी तेल मावतं. हे कुणालाही सांगितलं की पटतं. पण "बरंच कमी" म्हणजे किती, हे काढायला बसलात की दोन ओळींत एक जुनी ओळखीची अडचण समोर येते: वर्गमूळाखाली a² − x². बारावीला आपण इथे मुकाट्याने x = a sin θ लिहिलं आणि मार्क घेतले. आज तेच काठी हातात घेऊन करूया, कारण त्यात एक अशी जागा आहे जिथे सगळ्या पायऱ्या बरोबर दिसूनही उत्तर साफ चुकतं.

टाकीचा गोल छेद डोळ्यासमोर आणा. त्रिज्या a, इथे ६० सेंमी. उंची तळापासून न मोजता केंद्रापासून मोजा आणि तिला x म्हणा. केंद्राच्या वर x धन, खाली ऋण. तळ म्हणजे x = −60 आणि आमची पावची खूण म्हणजे x = −30. x या उंचीवर छेदाची अर्धी रुंदी पायथागोरसने √(a² − x²) येते, पूर्ण रुंदी तिच्या दुप्पट. तेव्हा छेदातलं तेलाचं क्षेत्रफळ

A = 2 ∫ √(a² − x²) dx,  x = −60 पासून x = −30 पर्यंत

आणि त्याला लांबीने, म्हणजे २०० सेंमीने गुणलं की घनफळ. (तळापासून मोजायचा हट्ट धरला तर वर्गमूळाखाली 2ay − y² येतं. ते पूर्ण वर्ग करून a² − (y − a)² असं लिहिलं की आपण पुन्हा इथेच येतो.)

पहिला विचार साधा असतो: वर्गमूळाखालचं सगळंच u मानू. u = a² − x² घेतलं तर du = −2x dx. पण आपल्याकडे dx सोबत x नाहीच! तो आणायचा तर x ने भागावं लागेल, आणि x म्हणजे पुन्हा √(a² − u). एक वर्गमूळ घालवायला गेलो आणि दुसरं पदरात पडलं. मात्र संकलन ∫ x√(a² − x²) dx असं असतं तर हाच u एका ओळीत काम करून गेला असता. तिथे sin θ आणणं म्हणजे शेजारच्या घरी जायला टॅक्सी बोलावणं. वर्गमूळाखाली a² − x² दिसलं की लगेच त्रिकोणमितीकडे धावू नका, आधी बाहेर सुटा x आहे का ते बघा.

आपल्याकडे तो नाही. मग हवं काय? x च्या जागी असं काहीतरी, की a² मधून त्याचा वर्ग वजा केल्यावर उरलेलंही कशाचा तरी पूर्ण वर्ग असेल. म्हणजे वर्गमूळ आपोआप सुटेल. अशी जोडी आपल्याला शाळेपासून माहीत आहे: 1 − sin²θ = cos²θ. म्हणून x = a sin θ.

पण ही नुसती बीजगणितातली युक्ती नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं. छेदाच्या केंद्रातून एक आडवी रेषा काढा. तेलाचा पृष्ठभाग टाकीच्या भिंतीला जिथे टेकतो त्या बिंदूपर्यंत केंद्रातून एक त्रिज्या काढा. आडवी रेषा आणि ही त्रिज्या यांच्यातला कोन म्हणजेच θ. पृष्ठभाग केंद्राच्या खाली असेल तर कोन ऋण. केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं उभं अंतर a sin θ, म्हणजे x. पृष्ठभागाची अर्धी रुंदी a cos θ, म्हणजे ते वर्गमूळ. काटकोन त्रिकोण चित्रात आधीपासूनच होता, आपण फक्त त्याच्या कोनाला नाव दिलं.

आर्यभटाला तर यात "बदल" असा काही वाटलाच नसता. इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात 'ज्या' म्हणजे आजच्यासारखं गुणोत्तर नाही, ती लांबी आहे: ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळातली अर्धी जीवा. (३४३८ का? वर्तुळाच्या परिघाच्या २१६०० कला केल्या की त्रिज्या जवळपास तेवढ्या कलांची येते.) ३० अंशांची ज्या १७१९, बरोबर त्रिज्येच्या निम्मी. म्हणजे आपण ज्याला a sin θ म्हणतो, त्या अख्ख्या राशीलाच तिथे ज्या म्हणत. 'जीवा' हाच शब्द अरबीत गेला, तिथे त्याचं वाचन बदललं, मग लॅटिनमध्ये भाषांतर होऊन 'सायनस' झाला आणि साइन होऊन आपल्याच पुस्तकात परत आला. आमच्या टाकीत त्रिज्या ६० आणि x चं माप ३०, तेव्हा कोन तोच ३० अंशांचा, फक्त केंद्राच्या खालच्या बाजूला.

आता गणित. x = a sin θ, म्हणून dx = a cos θ dθ. हा dx बदलायला विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक, पण ती फार काळ लपत नाही, कारण उत्तराचं एकक चुकतं: क्षेत्रफळ हवं असताना लांबी मिळते. मग

∫ √(a² − x²) dx = ∫ (a cos θ)(a cos θ) dθ = a² ∫ cos²θ dθ

cos²θ च्या जागी (1 + cos 2θ)/2 लिहून संकलन केलं की (a²/2)(θ + ½ sin 2θ) येतं, आणि sin 2θ = 2 sin θ cos θ असल्यामुळे

(a²/2)(θ + sin θ cos θ)

θ ला परत x मध्ये आणायला पुन्हा तोच त्रिकोण बघा. sin θ म्हणजे x/a, cos θ म्हणजे √(a² − x²)/a:

∫ √(a² − x²) dx = (a²/2) arcsin(x/a) + (x/2) √(a² − x²) + C

आमच्या खुणेसाठी x मध्ये परत यायचीही गरज नाही, सीमाच बदलता येतात. x = −60 ला sin θ = −1, म्हणून θ = −π/2. x = −30 ला sin θ = −½, म्हणून θ = −π/6. बाहेरच्या 2 मुळे ½ जातो आणि

A = 3600 × [θ + sin θ cos θ], −π/2 पासून −π/6 पर्यंत
= 3600 × (π/3 − √3/4)
= 3769.9 − 1558.8 = 2211.1 चौ. सेंमी

२०० ने गुणलं की ४४२ लिटर. पावच्या खुणेवर पाव टाकी नव्हतीच, पूर्ण टाकीच्या साडेएकोणीस टक्के होती. १५ ने भागा: एकोणतीस दिवस आणि थोडं. काठी खरं बोलत होती, खुणा खोटं बोलत होत्या.

ती वजाबाकी पुन्हा बघा: 3769.9 − 1558.8. पहिली संख्या म्हणजे केंद्रापाशी १२० अंशांचा कोन करणारी वर्तुळपाकळी. दुसरी म्हणजे तिच्यातला, केंद्र आणि तेलाचा पृष्ठभाग यांच्यामधला त्रिकोण: पाया १०३.९२, उंची ३०. पाकळीतून त्रिकोण वजा केला की उरतो वर्तुळखंड, आणि तेच तेल. सूत्रात arcsin ची पाकळी आणि वर्गमूळाचा त्रिकोण शेजारी शेजारी बसलेले आहेत. उत्तर पाठ करण्याची गरज मला तरी त्यानंतर उरली नाही.

इथे एखादा वाचक रास्त शंका काढेल: हे तर दहावीच्या भूमितीनेही आलं असतं, मग संकलन कशाला? या एका प्रश्नापुरतं खरं आहे. पण वर्गमूळाला आणखी एखादा घटक चिकटला की पाकळी-त्रिकोण साथ सोडतात. गोल दांडा वाकायला किती विरोध करतो हे काढताना ∫ x²√(a² − x²) dx लागतं. त्याचं चित्र कापून तुकडे जोडता येत नाहीत. आपला बदल मात्र तसाच चालतो: a⁴ ∫ sin²θ cos²θ dθ, म्हणजेच (a⁴/4) ∫ sin² 2θ dθ, आणि −π/2 ते π/2 मध्ये त्याचं मूल्य πa⁴/8. दोन्ही बाजूंचं मिळून πa⁴/4. यंत्र अभियांत्रिकीवाल्यांना ही राशी ओळखीची वाटेल.

आता ती फसवी जागा. वर मी एक गोष्ट न बोलता केली. √(a² − a² sin²θ) चं उत्तर a cos θ नसतं, ते a|cos θ| असतं. वर्गमूळ कधी ऋण नसतं, cos θ मात्र असू शकतो. θ आपण −π/2 ते π/2 मध्ये ठेवला, तिथे cos θ ऋण होत नाही, म्हणून उभ्या रेघा न लिहिता निभावलं. शाळेत हे इतक्या पटकन उरकलं जातं की ती अट म्हणजे नुसता शिष्टाचार वाटते. ती मोडली तर काय होतं ते आमच्याच टाकीवर बघा.

सीमा बदलताना वरच्या सीमेसाठी मी स्वतःला विचारलं: sin θ = −½ कधी होतो? शाळेतला तक्ता पाठ असलेल्या माणसाला पटकन आठवतं ते २१० अंश, म्हणजे 7π/6. ते चूक नाही, sin 210° खरोखरच −½ आहे. खालची सीमा −π/2 च ठेवली आणि बाकी सगळं जसंच्या तसं केलं:

A = 3600 × [θ + sin θ cos θ], −π/2 पासून 7π/6 पर्यंत
= 3600 × (5π/3 + √3/4) = 20408 चौ. सेंमी

म्हणजे ४०८२ लिटर, आणि तेही २२६२ लिटरच्या टाकीच्या तळाशी! कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवून "हे चूक" असं म्हणता येत नाही, म्हणून ही चूक मुलांना इतकी छळते.

काय झालं ते समजायला θ ला चालू द्या आणि x कडे बघा. θ −π/2 वरून निघाला की x तळापासून वर चढतो. θ = −π/6 ला तो आपल्या खुणेवर पोहोचतो, पण आपण त्याला थांबवत नाही. तो पुढे जातो, π/2 ला टाकीच्या माथ्यावर पोहोचतो आणि मग खाली उतरू लागतो. 7π/6 ला तो पुन्हा खुणेपाशी येतो, पण माथ्यावरून परत आलेला. परतीच्या वाटेवर dx ऋण असतो, कारण x कमी होतोय. तेव्हा परतीचा हिशेब वजा व्हायला हवा. dx = a cos θ dθ मध्ये cos θ ऋण आहे, त्याने ती वजाबाकी बरोबर केलीही असती. पण वर्गमूळासाठीही आपण a cos θ च लिहिलं होतं. दोन ऋण चिन्हं गुणली गेली आणि जे वजा व्हायचं ते मिळवलं गेलं. पडताळा घ्या: चढताना पूर्ण टाकी, २२६२. उतरताना माथ्यापासून खुणेपर्यंत, २२६२ − ४४२ = १८२०. बेरीज ४०८२. वजाबाकी केली असती तर ४४२.

यातून एक गंमत निघते. २१० अंश घेणं ही मुळात चूक नव्हतीच! वर्गमूळासाठी a|cos θ| लिहून π/2 पाशी संकलनाचे दोन तुकडे केले असते, तर ४४२ च आलं असतं, फक्त लांबचा फेरा पडला असता. −π/2 ते π/2 ची अट हा फेरा टाळण्यासाठी आहे. x तळापासून माथ्यापर्यंत एकदाच जातो, मागे वळत नाही आणि cos θ चं चिन्ह बदलत नाही. arcsin चं उत्तर नेमकं याच पट्ट्यात येतं. म्हणून सीमा बदलताना तक्ता आठवण्याऐवजी arcsin(x/a) काढलात की आपोआप सुरक्षित राहता.

एक धोका मात्र arcsin मध्येही आहे. कॅल्क्युलेटर अंशांवर असेल तर arcsin(−0.5) ला तो −30 म्हणेल, आणि सूत्रात π/2 च्या शेजारी −30 बसला की क्षेत्रफळ लाखाच्या घरात आणि तेही ऋण येईल. cos θ dθ चं संकलन sin θ येतं ते फक्त रेडियनमध्ये, म्हणून सगळं सूत्रच रेडियनचं आहे. स्प्रेडशीट मुळातच रेडियन देते, तिथे हा प्रश्न येत नाही.

ही उदाहरणं बघितलीत तर चूक प्रत्येक वेळी टाकीनेच पकडून दिली: क्षेत्रफळ ऋण आलं, किंवा अख्ख्या वर्तुळापेक्षा, म्हणजे 11310 पेक्षा जास्त आलं. वहीतल्या गणितात टाकी नसते. तिथे मी उत्तराचं विकलन करून बघतो. A चं h या उंचीनुसार विकलन केलं की तिथली रुंदी 2√(a² − x²) परत मिळायला हवी. काठीच्या भाषेत सांगायचं तर आणखी एक सेंटिमीटर ओला होण्यासाठी लागणारं तेल म्हणजे तिथली रुंदी गुणिले लांबी. मध्यावर ते सेंटिमीटरमागे २४ लिटर आहे. पावच्या खुणेवर २०.८. आणि सगळ्यात खालचे १० सेंमी मिळून फक्त ९० लिटर, सहा दिवसांचं तेल. शेवटी शेवटी काठी इतक्या भराभर कोरडी का होत गेली ते इथे कळतं.

राहिली ती खूण. खरं पाव कुठे? आता प्रश्न उलटा आहे: A माहीत, x हवा. म्हणजे θ + sin θ cos θ बरोबर एक ठराविक संख्या, आणि त्यातून θ सुटा काढायचं सूत्र नाही. θ एकदा मोकळा आणि एकदा sin-cos च्या आत असा दोन ठिकाणी अडकलेला आहे. तेव्हा अंदाज करत जवळ जायचं. ३५ सेंमीवर ५४८.८ लिटर येतात, ३६ वर ५७०.७. हवेत ५६५.५, म्हणजे दोघांच्या मध्ये, ३६ च्या जवळ: ३५.८ सेंमी. पाऊणची खूण त्याचंच वरचं प्रतिबिंब, १२० वजा ३५.८, म्हणजे ८४.२. अर्ध्याची खूण तेवढी जागेवर राहिली.

एक मर्यादा सांगायला हवी. हे सगळं दोन्ही टोकं सपाट असलेल्या टाकीसाठी आहे. टोकं बाहेर फुगलेली असतील तर तिथलं तेल वेगळं मोजावं लागतं, आणि अमेरिकन घरांत नेहमी दिसणारी टाकी तर लांबट, लंबगोल छेदाची असते. तिच्यात वरचा आणि खालचा भाग अर्धवर्तुळाकार असेल आणि मधला सरळ, तर हेच सूत्र फक्त गोल भागांना लावायचं आणि मधल्या चौकोनाला साधा गुणाकार.

काठी मी रंधा मारून साफ केली आणि नव्या खुणा कोरल्या, यावेळी लिटरमध्ये: ९० लिटरला १० सेंमी, ४४२ ला ३०, ११३१ ला ६०. जुनी ३० ची खूण मुद्दाम तशीच ठेवली आहे. तिच्याशेजारी आता "पाव" ऐवजी "२९ दिवस" असं लिहिलंय.